मर्यादा त्यांना, जबाबदारी आपल्यावर

“व्हेंडरच्या कॉन्ट्रॅक्टमधली मागची कलमं सगळीकडे सारखीच असतात, वाचत बसू नका. चूक त्यांची असेल तर भरपाई त्यांनाच द्यावी लागते, कायदा आहेच.”

व्हेंडरच्या करारावर सही करताना हा सल्ला अनेकदा ऐकायला मिळतो. आधी त्यातलं कायद्याचं बघू. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 73 नुसार करार मोडणाऱ्याने नुकसानभरपाई द्यायची असते. पण ती किती, याची मर्यादा दोन्ही बाजू सही करतानाच ठरवू शकतात, आणि व्यापारी करारातली अशी मर्यादा कोर्ट सहसा मान्य करतं.

लालबागमधला एक छोटा मसालेवाला घ्या. ऑनलाइन ऑर्डरच्या सॉफ्टवेअरला तो महिना 6,000 रुपये देतो, वेबसाइटही त्याच कंपनीने करून दिली आहे. करारात म्हटलंय की कंपनीची एकूण जबाबदारी मागच्या 3 महिन्यांच्या फीइतकीच, आणि बुडालेला नफा कोणत्याही परिस्थितीत मिळणार नाही. ऐन मे महिन्यात, मसाल्याच्या सीझनला, कंपनीच्या चुकीने सिस्टिम 4 दिवस बंद पडली आणि 80,000 रुपयांचा नफा गेला. तर निदान 18,000 मिळतील? तेही नाहीत, कारण गेला तो नफाच, आणि तो आधीच वगळलेला आहे.

याहून मोठा धोका इंडेम्निटीत, म्हणजे दुसऱ्यावर आलेला दावा किंवा नुकसान आपण भरून देऊ या हमीत आहे. त्याच वेबसाइटवर कंपनीने परवानगी न घेता कुणाचा तरी फोटो वापरला आणि फोटोग्राफरने 3 लाखांचा दावा लावला. करारात “सेवेच्या वापरातून उद्भवणारा कोणताही दावा ग्राहक निस्तरेल” असं असेल, तर कंपनी स्वतःचा वकिलाचा खर्चसुद्धा मसालेवाल्याकडे मागू शकते. 18,000 ची मर्यादा फक्त कंपनीला आहे, मसालेवाल्याला कसलीच नाही. ‘आधी त्यांना पैसे भरू देत, मग बघू’ या आशेवरही राहू नका: जबाबदारी पक्की झाली की पैसे भरण्याआधीच इंडेम्निटी मागता येते, असं मुंबई हायकोर्टाने 1942 मध्ये परेळकर विरुद्ध मंत्री खटल्यात म्हटलं आहे.

आणि ही कलमं सारखी मुळीच नसतात. फाइलमध्ये ‘इंडेम्निफाय’, ‘होल्ड हार्मलेस’, ‘इन नो इव्हेंट’, ‘ॲग्रिगेट लायबिलिटी’ हे शब्द शोधा. शीर्षकावर विसंबू नका, पुष्कळदा हे ‘जनरल’ किंवा पेमेंटच्या कलमात दडवलेलं असतं. प्रत्येक ठिकाणी बघा, वाक्य कुणाला वाचवतंय: दोघांना की फक्त कंपनीला?

फक्त कंपनीला असेल, तर सहीआधी ईमेलवर तीन बदल मागा. मर्यादा दोघांनाही लागू आणि किमान 12 महिन्यांच्या फीइतकी असावी. आपली इंडेम्निटी आपल्याच चुकीपुरती असावी. आणि कंपनीने दिलेल्या फोटो-मजकुरावरून किंवा तिच्याकडून फुटलेल्या ग्राहकांच्या माहितीवरून दावा आला, तर तो तिने निस्तरावा, आणि त्याला ती मर्यादा लागू नसावी. मोठ्या कंपन्या तिन्ही क्वचितच मानतात. एकच मिळणार असेल, तर दुसरा घ्या, कारण बुडालेल्या नफ्याला निदान एक आकडा असतो, अमर्याद इंडेम्निटीला तोही नसतो.