तीच माणसं, तीच जाहिरात: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: तीच जाहिरात त्याच लोकांना वारंवार दिसली की ते कंटाळतात आणि विक्रीमागचा खर्च वाढतो, हा लेखातला मुद्दा पटला नाही. आमची मोहीम दोन महिने चालू आहे आणि फ्रिक्वेन्सी आठवड्याला ४ च्या पुढे जात नाही. विक्रीमागचा खर्च वाढलाय, पण तो स्पर्धा वाढल्यामुळे. जाहिरात लक्षात राहायची तर ती पुन्हापुन्हा दिसायलाच हवी. 'ॲड फटीग', म्हणजे जाहिरातीचा थकवा, हे नवी क्रिएटिव्ह विकणाऱ्यांनी काढलेलं खूळ वाटतं.

उत्तर:

आधी त्या ४ बद्दल बोलू, कारण खरी गोम तिथेच आहे. फ्रिक्वेन्सी म्हणजे इम्प्रेशन्स, म्हणजे जाहिरात एकूण किती वेळा दिसली, भागिले रीच, म्हणजे ती किती वेगवेगळ्या लोकांना दिसली, आणि हा भागाकार तुम्ही निवडलेल्या तारखांपुरताच असतो. समजा ऑडियन्स ४०,००० लोकांचा आहे. आठवड्याला १,२०,००० इम्प्रेशन्स आणि ३०,००० रीच, म्हणून फ्रिक्वेन्सी ४. आठ आठवड्यांत इम्प्रेशन्स ९,६०,००० होतात, पण माणसं तीच असल्याने रीच जेमतेम ३८,००० वर अडतो. म्हणजे सरासरी प्रत्येकाने ती जाहिरात २५ वेळा पाहिली. ही झाली सरासरी. जे लोक सतत ऑनलाइन असतात त्यांनी याहून कितीतरी जास्त वेळा. रिपोर्टच्या तारखा मोहीम सुरू झाली त्या दिवसापासून लावून बघा.

आता स्पर्धेचं. खर्च नेमका कुठून वाढला हे शोधता येतं. हजार इम्प्रेशन्सना २० क्लिक आणि २० क्लिकमागे एक विक्री असेल, तर एका विक्रीचा खर्च एका सीपीएमएवढा, म्हणजे हजार इम्प्रेशन्सच्या किमतीएवढा. क्लिक १० वर आल्या की सीपीएम न हलताही खर्च दुप्पट होतो. नुसती स्पर्धा वाढली असेल तर सीपीएम चढतो, पण सीटीआर, म्हणजे इम्प्रेशन्समागे क्लिकचं प्रमाण, साधारण जागेवर राहतो. क्लिक तेवढ्याच येऊन विक्री घटली असेल, तर पेज, ऑफर किंवा स्टॉक तपासा; तिथे नवी जाहिरात काही करू शकत नाही.

यात एक पेच आहे. फेसबुक, इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटासारख्या ठिकाणी जाहिरातीच्या जागेच्या लिलावात फक्त बोली बघत नाहीत, लोक जाहिरातीला प्रतिसाद देतील का याचा अंदाजही धरतात. प्रतिसाद आटला की त्याच जागेसाठी जास्त मोजावं लागतं. म्हणजे थकव्यामुळेही सीपीएम चढू शकतो, आणि वरून ते स्पर्धेसारखंच दिसतं. म्हणून नुसत्या आलेखावरून निकाल देऊ नका, एक छोटी चाचणी लावा. त्याच आठवड्यात जुनी जाहिरात अशा नव्या लोकांना दाखवा ज्यांनी ती पाहिलेली नाही, आणि जुन्या लोकांना एक खरोखर वेगळी जाहिरात दाखवा. नव्या लोकांत जुनीचा सीटीआर चांगला आला आणि जुन्या लोकांत नवी उचलली गेली, तर स्पर्धेचं कारण टिकत नाही. दोन्हीकडे मरगळ असेल तर तुमचं म्हणणं बरोबर असू शकतं, किंवा हंगाम आणि ऑफर तपासायला हवी. मात्र नवे लोक तुम्हाला ओळखत नसतील तर त्यांचा सीटीआर मुळातच कमी असतो. त्यांची तुलना जुन्या ऑडियन्सशी न करता पूर्वी अनोळखी लोकांत मिळालेल्या आकड्यांशी करा.

पुनरावृत्ती हवी, हे मलाही मान्य आहे. पण जाहिरात संशोधक हर्बर्ट क्रुगमन यांनी १९७२ मध्ये तीन वेळा दिसण्याबद्दल जे मांडलं, त्यात तिसरी वेळ ही आठवण करून देणारी असते, आणि लक्ष काढून घेण्याची सुरुवातही तिथेच होते. पुन्हापुन्हा दिसायला हवा तो ब्रँड: लोगो, रंग, आवाज, बोलण्याची ढब. बदलायला हवा तो मुद्दा. आधी किफायत सांगत होतात, तर आता ग्राहकाची एखादी शंका घ्या किंवा वस्तू वापरात दाखवा. व्हिडिओ असेल तर पहिली दोन-तीन सेकंदं वेगळी हवीत, कारण 'हे पाहिलंय' हा निर्णय तिथेच होतो. बटणाचा रंग बदलणं किंवा फोटो उलटा करणं याला मी नवं क्रिएटिव्ह मानत नाही. पाहणाऱ्याला तो फरक जाणवतही नाही.

बदल करताना चालू जाहिरात एडिट करू नका. मेटावर त्याने लर्निंग फेज, म्हणजे जाहिरात कोणाला दाखवायची हे सिस्टीम शिकते तो काळ, पुन्हा सुरू होते, आणि ती संपायला एका ॲड सेटला, म्हणजे एकाच ऑडियन्ससाठीच्या जाहिरातींच्या गटाला, आठवड्यात साधारण ५० रिझल्ट लागतात. म्हणूनच आठ नव्या जाहिराती एकदम टाकण्यातही अर्थ नाही. बजेट विखुरतं आणि कुठलीच नीट शिकत नाही. दोन टाका, जुनी चालू ठेवा. तुलना खरी हवी असेल तर ए/बी टेस्ट, म्हणजे लोकांचे गट पाडून प्रत्येक गटाला एकच जाहिरात दाखवणारी चाचणी, वेगळी लावा, कारण एकाच ॲड सेटमध्ये सिस्टीम सुरुवातीच्या थोड्या प्रतिसादावरच एखादीकडे बहुतेक पैसे वळवते.

४०,००० लोकांवर एवढाच खर्च चालू राहिला तर नवी जाहिरातही लवकरच शिळी होईल. तेव्हा आधी खरेदी करून गेलेल्यांना वगळा, मग बजेट कमी करा किंवा ऑडियन्स वाढवा. सुरुवातीपासूनची फ्रिक्वेन्सी आणि दर आठवड्याचा सीपीएम, सीटीआर, क्लिकमागची विक्री इथे लिहिलीत, तर तुमच्या मोहिमेत नेमकं काय झालं ते मी आकड्यांसकट सांगेन.