‘क्लास ए’ शीट आणि शेजारच्या इमारतीची आग: फिरत असलेल्या एका संदेशाला उत्तर

“गच्चीवरच्या शेडला ‘क्लास ए’ फायरप्रूफ फायबर शीट लावा. शेजारची बिल्डिंग पेटली तरी ठिणगीने काही होत नाही, दोन तास आग अडते. जुन्या ताडपत्रीवर किंवा प्लायवर थेट बसते, तोडफोड नाही. लोखंडी पत्राही जळत नाही, पण तो तापतो. सर्टिफिकेट सोबत असल्याने फायर ब्रिगेडची कटकट नाही. सर्व सोसायट्यांना पाठवा.”

हा मजकूर दादरला राहणाऱ्या माझ्या मावशीच्या सोसायटीत पोहोचला आणि समितीने त्यावर विसंबून कोटेशनही मागवले. इमारत चार मजली आहे. एका बाजूला टेकू लावलेली जुनी चाळ आहे, जिच्या सागवानी तुळया आणि कौलारू छप्पर जवळजवळ गच्चीच्या पातळीला येतात. दुसऱ्या बाजूला उंच इमारत आहे, जिच्या खिडक्यांतून दिवाळीत रॉकेटे येऊन पडतात. म्हणजे छतावर बाहेरून आग येण्याचा प्रश्न येथे खराखुरा आहे, आणि नेमक्या त्याच प्रश्नाचे चुकीचे उत्तर रहिवाशांच्या गळी उतरवले जात आहे. म्हणून सविस्तर लिहितो.

सर्वांत घातक भाग प्रमाणपत्राचा आहे, म्हणून त्यापासून सुरुवात करू. कोटेशनसोबत आलेला एकपानी अहवाल मावशीने मला पाठवला. त्यावर ‘क्लास ए’ ठळक अक्षरांत आहे, आणि खाली बारीक अक्षरांत एका अमेरिकी मानक चाचणीचे नाव आहे: एएसटीएम ई ८४. ही चाचणी छताच्या आच्छादनाची नाहीच. तिच्यात सुमारे ७.३ मीटर लांबीच्या बोगद्याच्या आतल्या छताला नमुना लावतात, एका टोकाला गॅसची ज्योत दहा मिनिटे धरतात आणि ज्वाला पृष्ठभागावर किती पुढे सरकली यावरून एक निर्देशांक काढतात. तो २५ किंवा त्याहून कमी आला, आणि धुराचा निर्देशांक मर्यादेत राहिला, की ‘क्लास ए’ मिळतो. खोलीतील भिंतींची व छताची आतली सजावट निवडताना या माहितीचा उपयोग होतो. मात्र वरून पडलेला जळता लाकडाचा तुकडा त्या शीटवर टिकला तर काय होईल, सांध्यातून आग खाली जाईल का, शीटखाली काय आहे, यांपैकी एकही गोष्ट या चाचणीत पाहिलेली नसते.

छताच्या आच्छादनासाठी वेगळी चाचणी आहे, एएसटीएम ई १०८, आणि तिच्याशी जुळणारी यूएल ७९०. तिच्यातही ए, बी आणि सी असेच वर्ग आहेत, आणि सगळा गोंधळ येथूनच सुरू होतो. या चाचणीत छताचा तुकडा उतारासह, खालच्या तक्तपोशीसह, प्रत्यक्षात जसा बसवायचा तसा उभारतात आणि त्यावरून ताशी सुमारे १९ किलोमीटर वेगाने वारा सोडतात. मग तीन प्रकारे परीक्षा घेतात. पहिल्या प्रकारात ज्योत ठरावीक अंतराने लावतात आणि काढतात, आणि आग आरपार खाली जाते का ते पाहतात. दुसऱ्यात ज्योत सलग ठेवून पृष्ठभागावर आग किती पसरते ते मोजतात. क्लास ए साठी ती सुमारे १.८ मीटरच्या पुढे जाता कामा नये, बी साठी २.४ आणि सी साठी सुमारे ४ मीटर.

शेजारच्या आगीच्या दृष्टीने तिसरा प्रकार सर्वांत महत्त्वाचा आहे. लाकडी पट्ट्यांची जाळी करून ती पेटवतात आणि छतावर, जेथे ते सर्वांत कमजोर आहे त्या जागी, म्हणजे बहुधा सांध्यावर ठेवतात. क्लास ए च्या जाळीची बाजू सुमारे ३० सेंटिमीटर आणि वजन २ किलो असते. क्लास बी साठी ती १५ सेंटिमीटरची आणि अर्ध्या किलोची असते. क्लास सी साठी मात्र जेमतेम ९ ग्रॅमचा लहानसा ठोकळा वापरतात. चाळीचे छप्पर कोसळताना उडणारा सागवानी तुकडा यांपैकी कशाच्या जवळ जातो, हे त्या गच्चीवर उभे राहून पाहिले की कोणालाही कळेल. जाळी पूर्ण जळून जाईपर्यंत खालच्या बाजूला ज्वाला दिसली, छताचा भाग पडला किंवा तक्तपोशी उघडी पडली, तर नमुना नापास होतो. शिवाय आच्छादनाचेच तुकडे सुटून खाली पडल्यावरही धगधगत राहिले, तरी नापास. म्हणजे आपले छत शेजाऱ्याकडे निखारे पाठवणार का, हेही त्यात तपासले जाते. साध्या पॉलिएस्टर रेझिनच्या फायबर शीटमध्ये रेझिन जळते आणि काचेचे धागे मागे उरतात. अशा शीटवर दोन किलोची जळती जाळी ठेवल्यावर काय झाले, हे मावशीकडे आलेल्या अहवालात कोठेही नाही, कारण ती कोणी ठेवलेलीच नाही.

‘ताडपत्रीवर किंवा प्लायवर थेट बसते’ हे वाक्य तर धोकादायक आहे. ई १०८ मधला वर्ग एकट्या शीटला मिळत नाही. शीट, तिच्याखालचा थर, तक्तपोशी आणि उतार अशा सगळ्या रचनेला मिळतो. काँक्रीटवर क्लास ए मिळालेले आच्छादन प्लायवर, मध्ये थर्मोकोल घालून बसवले तर त्याचा वर्ग खाली येऊ शकतो, आणि उतार वाढला तरी येऊ शकतो. म्हणून योग्य अहवालात खाली काय होते आणि कमाल उतार किती, हे लिहिलेले असते. जुनी निळी ताडपत्री प्लास्टिकची असते. ती काढून टाकण्याऐवजी नव्या शीटखाली तशीच ठेवणे म्हणजे सांध्यातून आत गेलेल्या ठिणगीसाठी इंधन जपून ठेवणे आहे. छतावरचे ज्वालाग्राही आच्छादन काय करते हे मुंबईने २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री कमला मिल परिसरात पाहिले आहे. त्या आगीत १४ माणसे गेली, आणि अग्निशमन दलाच्या चौकशीत हुक्क्याच्या कोळशाच्या उडत्या ठिणग्यांकडे बोट दाखवले गेले.

दोन तासांची गोष्ट थोडक्यात संपते. ए, बी, सी या वर्गांत तास नसतात. तासांमध्ये सांगितली जाते ती भिंतीची, स्लॅबची किंवा दाराची अग्निरोधकता, आणि ती भट्टीत तापवून मोजतात. आपल्याकडे त्यासाठी आयएस ३८०९ हे मानक आहे. चार-सहा मिलिमीटर जाडीच्या फायबर शीटला दोन तास चिकटवणे ही शुद्ध फसवणूक आहे.

लोखंडी पत्रा जळत नाही, हे मात्र मान्य करावे लागेल. पोलादी पत्रा स्वतः पेटत नाही, आणि खाली काँक्रीट असेल तर पृष्ठभागावरून आग पसरण्याचा प्रश्न जवळजवळ उरत नाही. पण त्यावर ‘काही होत नाही’ असा निष्कर्ष काढता येत नाही, कारण ठिणगी पत्र्यावरच थांबेल असे नाही. पन्हळी पत्रा वळचणीला आणि माथ्यावर जेथे संपतो तेथे प्रत्येक उंचवट्याखाली दोन-तीन सेंटिमीटरची फट राहते. मुंबईत त्या फटींत पारवे घरटी करतात: काटक्या, पिसे, झाडूच्या काड्या आणि महिनोन्‌महिने वाळलेली विष्ठा. वाऱ्याबरोबर आलेला निखारा थेट त्यात जातो, आणि ते धुमसत असताना वरून पत्रा अगदी स्वच्छ दिसतो.

ही केवळ माझी कल्पना नव्हे. अमेरिकेतील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी या संस्थेने निखाऱ्यांचा वर्षाव करणारे ‘ड्रॅगन’ नावाचे यंत्र तयार केले आणि जपानमधील, कृत्रिम वारा सोडणाऱ्या मोठ्या बोगद्यात ते वापरून कौलारू छपरांची परीक्षा केली. कौल जळत नाही. तरीही कौलांच्या कडेच्या पोकळ्या उघड्या ठेवल्या तेव्हा निखारे आत शिरले आणि खालचा पालापाचोळा पेटला. प्रत्यक्षातही असेच घडते. २२ डिसेंबर २०१६ रोजी जपानमधील इतोइगावा शहरात एका उपाहारगृहात लागलेली आग जोरदार वाऱ्यात उडत्या निखाऱ्यांमुळे दूरदूरच्या छपरांवर पोहोचली आणि १४७ इमारती तिच्या तडाख्यात सापडल्या. तेथील अनेक घरे जुनी, लाकडी आणि कौलारू होती, आणि निखारे कौलांच्या फटींतून आत गेले. दादरच्या त्या चाळीचे छप्परही लाकडावर कौलेच आहे, आणि तिच्याकडून येणारी व तिच्याकडे जाणारी, दोन्ही दिशांची आग समितीने विचारात घ्यायला हवी.

खऱ्या क्लास ए ला सुद्धा मर्यादा आहेत. चाचणीतला वारा ताशी १९ किलोमीटरचा असतो, आणि पश्चिमेकडून येणारा वारा मुंबईच्या गच्चीवर अनेकदा त्याहून जोरात असतो. शिवाय नमुना नवा असतो. आगरोधक रसायन लावलेल्या लाकडी आच्छादनांना मात्र ई १०८ पद्धतीत बारा आठवडे भिजवण्या-वाळवण्याच्या चक्रांतून नेतात आणि मगच जाळून पाहतात, कारण पाण्याने ते रसायन धुऊन जाऊ शकते. आगरोधक म्हणून विकल्या जाणाऱ्या ताडपत्रीच्या विक्रेत्याला चार पावसाळ्यांनंतरची चाचणी दाखवा, असे म्हणून बघावे.

फायर ब्रिगेडच्या ‘कटकटी’बद्दल इतकेच सांगतो की एखाद्या वस्तूचा चाचणी-अहवाल म्हणजे शेडची परवानगी नव्हे. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावा लागणारा फॉर्म बी, म्हणजे इमारतीची अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, त्यामुळे टळत नाही.

मावशीच्या समितीने आता कोटेशन परत पाठवले आहे आणि विक्रेत्याकडे लेखी मागणी केली आहे: ई १०८ किंवा यूएल ७९० चा पूर्ण अहवाल, त्यात नमूद केलेली खालची रचना व कमाल उतार, आणि सांध्यांचा तपशील. अहवाल न आल्यास पोलादी पत्रा घ्यावा, खालची ताडपत्री आणि प्लाय आधी काढावे, माथ्याच्या व वळचणीच्या फटी पत्र्याच्या आकाराच्या धातूच्या पट्ट्यांनी बंद कराव्यात, असे मी सुचवले आहे. बाजारात या फटींसाठी मिळणारे फोमचे फिलर स्वतः जळतात, म्हणून ते नको. हवा खेळती ठेवायची असेल तेथे स्टेनलेस स्टीलची जाळी लावावी. कॅलिफोर्नियाचे बांधकाम नियम निखाऱ्यांसाठी व्हेंटच्या जाळीची छिद्रे सुमारे ३ मिलिमीटरपेक्षा मोठी ठेवू देत नाहीत, तेच माप घ्यावे. पारव्यांची घरटी काढण्याचे काम दिवाळीच्या आधी करायचे ठरले आहे.