खुलासा: उत्तरं जास्त म्हणून निकाल खरा ठरत नाही

“ऑनलाइन सर्वेक्षणाला हजारो उत्तरं आली, म्हणजे निकाल पक्का.”

नाही. समजा, १०,००० सभासदांपैकी ४,००० जण सेवा रोज वापरतात, ६,००० क्वचित. रोजच्यांपैकी २,००० जणांनी उत्तर दिलं, त्यांत १,६०० समाधानी. क्वचित वापरणाऱ्यांपैकी फक्त ६०० बोलले, त्यांत १८० समाधानी. सरळ बेरीज ६८ टक्के समाधान दाखवते. दोन्ही गटांना खऱ्या ४०:६० प्रमाणात भार दिला, की ते ५० टक्क्यांवर येतं. दसपट लोकांना लिंक पाठवली तरी कोण उत्तर देतं याचा कल तोच राहिला, तर चूकही तेवढीच राहते.

पण क्वचित वापरणाऱ्यांतले गप्प राहिलेले ५,४०० त्या ६०० जणांसारखेच आहेत, हे भार देताना आपण गृहीत धरतो. खरी मेख इथेच आहे. म्हणून त्यांच्यातले शंभरेक चिठ्ठ्या टाकून निवडा, फोन करून तोच प्रश्न विचारा आणि फरक निकालासोबत छापा.