सॉर्ट करता येत नाही म्हणे!

आमच्या इंदूरच्या मंडळात माझी आता एकच ओळख उरली आहे: 'ह्याला कॉम्प्युटर येतो, पण सॉर्ट करता येत नाही.' ही पदवी काकांनी परवा सगळ्या कार्यकर्त्यांसमोर बहाल केली.

मेळाव्याचे 240 बिल्ले होते. नोंदणीच्या एक्सेलमध्ये गावाप्रमाणे सॉर्ट केलं: इंदूर 96, उज्जैन 48, देवास 40, धार 32, महू 24. मग वर्डमध्ये मेल मर्ज. एका ए-फोरवर आठ बिल्ले, म्हणजे 30 पानं. इथवर देव पाठीशी होता.

पुढे काका होते. प्रेसमध्ये कटिंगच्या मशीनपाशी ते असे उभे राहिले, जणू मंडळानं ते पातं त्यांच्या नावावर करून दिलंय.

"एकेक पान कशाला कापतोस? सगळी थप्पी एकदम घाल!"

"काका, थप्पी कापली की क्रम—"

"अरे, क्रम तर तू लावलायस ना? मग कापल्यावर तो जाईल कुठे?"

मशीनवाला म्हणाला, "हो जाएगा, भिया," आणि झालं. (हे तीन शब्द ऐकले की इंदूरकरानं समजावं, काहीतरी गेलं.)

थप्पी कापली की आठ गठ्ठे होतात. डाव्या कोपऱ्यातल्या गठ्ठ्यात क्रमांक 1, मग 9, मग 17. म्हणजे प्रत्येक गठ्ठ्यात इंदूरचे 12, उज्जैनचे 6, असे करत शेवटी महूचे 3. गठ्ठे वेगळे ठेवले असते तरी निभावलं असतं. प्रत्येकाच्या वरचे बारा-बारा उचलले की इंदूर पूर्ण. पण काकांनी आठही एकावर एक रचून रबर लावला. टेबलावर महूनंतर पुन्हा इंदूर निघालं, आणि मला पदवी मिळाली. धारच्या एक वहिनी आपला बिल्ला शोधत उभ्या, पोह्यांची रांग संपत आलेली, आणि काका सगळ्यांना माझ्याकडे बोट दाखवतायत!

वास्तविक याला उपाय आहे. ए रकान्यात सॉर्ट केलेले क्रमांक 1 ते 240 टाईप करायचे आणि शेजारी हे:

```
=MOD(A2-1,30)*8+INT((A2-1)/30)+1
```

यातले 30 म्हणजे पानं आणि 8 म्हणजे पानावरचे बिल्ले. या नव्या रकान्यावर चढत्या क्रमानं सॉर्ट करून मर्ज करायचं. नावं कमी असतील तर शेवटी रिकाम्या ओळी क्रमांकासकट घालून 240 भरायचे. मग पहिल्या गठ्ठ्यात 1 ते 30, दुसऱ्यात 31 ते 60. गठ्ठे क्रमानं रचले की काम संपलं. रबर काकांनी लावला तरी चालेल.

पुढच्या कार्यक्रमासाठी याचा नमुना काल काकांना दाखवला. पहिल्या पानावर क्रमांक 1, 31, 61... म्हणजे इंदूरचे चार, उज्जैनचा एक, देवासचे दोन, धारचा एक.

काकांनी चष्मा वर केला. "या वेळी तर सॉर्ट केलंच नाहीस!"