डावं-उजवं सोसलेल्यांची उदासी आणि ‘बोलून टाका’ हा सल्ला

‘आईबापाला सगळी लेकरं सारखीच असतात, डावं-उजवं आपल्या डोक्यात असतं. भावाबहिणीचं जास्त कौतुक झालं म्हणून चाळिशीतही कुढत राहणं हा निव्वळ हेवा आहे. त्यासाठी डॉक्टर आणि गोळ्या कशाला? एकदा आईवडिलांसमोर बसा, मनात साठलेलं सगळं बोलून टाका, माफ करा. दुःख तिथंच संपेल.’

घरात डावं-उजवं सोसलेल्यांना मिळणाऱ्या या सल्ल्यातलं पहिलंच वाक्य तपासून पाहिलं गेलेलं आहे. अमेरिकेतल्या बॉस्टन परिसरात जिल सूटर आणि कार्ल पिलेमर या समाजशास्त्रज्ञांनी २००१ पासून वयस्क आया आणि त्यांची मोठी झालेली मुलं यांचा अनेक वर्षं अभ्यास केला. ‘मनानं सर्वांत जवळचं कोण?’ असं सरळ विचारल्यावर बहुसंख्य आयांनी एका ठरावीक मुलाचं नाव घेतलं. म्हणजे फरक असतो, आणि तो आयांना स्वतःलाही ठाऊक असतो. पण याच अभ्यासात असंही दिसलं, की आईचं आवडतं कोण याबद्दल मुलांचे अंदाज बऱ्याचदा चुकतात. म्हणून ‘आवडता तोच होता’ हे सिद्ध करण्यात वर्षं घालवून हाती फारसं काही लागत नाही.

त्याहून उपयोगाचा प्रश्न वेगळा आहे: जो फरक झाला, त्याचं कारण तेव्हा कळलं होतं का? अमांडा कोवाल आणि लॉरी क्रेमर यांनी १९९७ साली मुलांशी बोलून हेच तपासलं. वागणुकीत फरक आहे हे मुलांना दिसत होतं, पण बहुतेक वेळा त्यांना तो अन्याय वाटत नव्हता, कारण त्यामागचं कारण त्यांना पटलेलं होतं. भावाला दमा आहे म्हणून आई रात्री त्याच्याजवळ झोपते, हे समजलेली बहीण एकटी झोपते, पण त्यातून ‘मी कमी आहे’ असा निष्कर्ष काढत नाही. तीच आई भावाच्या पाचवीतल्या निकालावर पेढे वाटते आणि बहिणीचा पहिला नंबर ‘बरं’ म्हणून बाजूला ठेवते, तेव्हा मात्र कारण कुणीच सांगत नाही. मग मूल स्वतःच एक कारण शोधतं, आणि ते बहुधा स्वतःच्याच विरुद्ध असतं.

मोठेपणी हे कागदावर करता येतं. आठवणारे सात-आठ प्रसंग लिहायचे आणि प्रत्येकासमोर आज दिसणारं कारण लिहायचं: पैसे नव्हते, आजारपण होतं, आजी घरात होती, मुलगा म्हणून त्याला झुकतं माप होतं. काही प्रसंगांचा सल तिथंच बोथट होतो. ‘मुलगी म्हणून’ हे कारण सापडलं तर राग येईल, आणि तो रास्तच आहे. पण ‘माझ्यातच काही कमी होतं’ या समजुतीचा आधार त्यानंही ढासळतो. ज्यांच्यासमोर काहीच लिहिता येत नाही, ते दोन-तीन प्रसंग पुढच्या कामासाठी जपून ठेवावेत.

हेव्याचं म्हणाल, तर पिलेमर-सूटर यांनी २०१० साली २७५ कुटुंबांची जी माहिती मांडली, तिच्यासमोर तो आरोप टिकत नाही. आई मुलांमुलांत फरक करते असं ज्या घरांत दिसलं, तिथं मोठ्या झालेल्या मुलांत नैराश्याची लक्षणं जास्त होती, आणि ती फक्त मागे पडलेल्यांत नव्हती. झुकतं माप मिळालेल्यांतही होती. हेवा हेच मूळ असतं, तर आवडत्या लेकराला हा त्रास झालाच नसता. एक मात्र स्पष्ट करायला हवं: अशा अभ्यासांतला परिणाम सरासरीवर बेताचाच असतो. नावडतं ठरलेलं प्रत्येक मूल पुढे उदास होत नाही, आणि उदास असलेल्या प्रत्येकाचं कारण तिथंच सापडेल असंही नाही.

हेवा आणि चिवट उदासी यांतला फरक ओळखायची खूण सोपी आहे. हेव्याला समोर माणूस लागतो: भावाचा नवा फ्लॅट पाहिला की टोचतं, आठवड्यानं विसरतं. चिवट उदासीला कुणी समोर लागत नाही. भाऊ परदेशात असतो, महिनोन्‌महिने भेट नसते, तरी सकाळ जडच उगवते. कुणी कौतुक केलं तर ‘यांना अजून माझं खरं कळलेलं नाही’ असं वाटतं. घरात शेवटची पोळी आपोआप दुसऱ्याच्या ताटात जाते, आणि ते वाढणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. अशी मनःस्थिती दोन वर्षं किंवा जास्त काळ, बहुतेक दिवस आणि दिवसाचा बराच वेळ राहिली, सोबत झोप, भूक, ताकद, एकाग्रता, स्वतःबद्दलचं मत आणि उद्याची आशा यांपैकी निदान दोन गोष्टी बिघडल्या, आणि मध्ये सलग दोन महिनेही मोकळे गेले नाहीत, तर मानसोपचारात त्याला दीर्घकालीन नैराश्याचा विकार म्हणतात. तो निदानाविना राहतो याचं मोठं कारण हे, की लहानपणापासून सोबत असल्यानं माणूस त्याला आपला स्वभावच समजतो. ‘मी पहिल्यापासून अशीच’ हे वाक्य डॉक्टरांना जरूर सांगावं; त्यांच्या दृष्टीनं ती माहिती आहे.

म्हणूनच ‘डॉक्टर कशाला’ हा त्या सल्ल्यातला सर्वांत घातक भाग. सुरुवात नैराश्याची लक्षणं मोजणाऱ्या पीएचक्यू-९ या नऊ प्रश्नांच्या तक्त्यानं करता येते. तो मराठीतही मिळतो. गेल्या दोन आठवड्यांबद्दल प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण, एकूण २७. १० किंवा जास्त आले तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. पण चिवट उदासीत गुण कधी कधी आठ-नऊवरच वर्षानुवर्षं रेंगाळतात, तेव्हा आकड्यापेक्षा किती काळ चाललंय हे महत्त्वाचं. नववा प्रश्न जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचारांचा आहे. तिथं शून्याशिवाय काहीही आलं तर बेरजेची वाट पाहू नये. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास बोलता येतं, मराठीतही.

डॉक्टर बहुधा थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासतात, कारण यांतल्या बिघाडानंही असाच थकवा आणि जडपणा येतो. गोळ्या सुरू झाल्या तर पोटात मळमळणं, झोप बदलणं हे पहिल्या आठवड्यातच जाणवतं, आणि गुण मात्र साधारण चार ते सहा आठवड्यांनी दिसतो. नेमक्या याच मधल्या काळात पुष्कळजण गोळ्या सोडतात आणि ‘उपयोग झाला नाही’ म्हणतात. बरं वाटू लागल्यावर एकदम बंद करणं ही दुसरी चूक. मात्रा डॉक्टरांनीच हळूहळू उतरवायची असते. निव्वळ गोळ्यांवर थांबणंही अपुरं पडतं. चिवट नैराश्याच्या ६८१ रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात औषध आणि बोलण्याचे उपचार एकत्र मिळालेल्यांना, दोन्हींपैकी एकच मिळालेल्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त गुण आला.

आता बोलून टाकण्याबद्दल. त्या बैठकीत बहुधा काय होतं, ते घरोघरी सारखंच आहे. चाळीस वर्षांचा हिशेब एका संध्याकाळी मांडला जातो. सत्तरीतली आई आधी गोंधळते, मग म्हणते, ‘असं काही नव्हतंच, तूच पहिल्यापासून हळवी.’ वडील उठून जातात. आवडतं भावंड मध्ये पडून आईची बाजू घेतं. ज्या अनुभवानं दुखावलं होतं तोच पुन्हा, साक्षीदारांसकट घडतो, आणि उदासी आणखी गडद होते. चूक धाडसाची नसते. जे मिळवायचं ते पूर्णपणे दुसऱ्याच्या हातात होतं, तिथं चूक असते.

त्या ६८१ जणांच्या अभ्यासातले बोलण्याचे उपचार अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स मॅकलॉ यांच्या पद्धतीचे होते, आणि ही पद्धत खास चिवट नैराश्यासाठीच बांधलेली आहे. तिचा गाभा म्हणजे एका छोट्या प्रसंगाची चिकित्सा. आयुष्याचा हिशेब मांडायचा नाही, गेल्या आठवड्यातली पाच-दहा मिनिटं घ्यायची. समजा, एक बेचाळीस वर्षांची बाई आहे. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन तिनंच करून आणलं, दिवसातून चार वेळा थेंब तीच घालते. आई म्हणते, ‘दादाचा फोन आला होता, किती काळजी आहे बघ त्याला.’ ती ‘हं’ म्हणते, आत जाते, आणि रात्री दोनपर्यंत जागी राहते.

वहीत आधी प्रसंगाची सुरुवात आणि शेवट लिहायचा: आईचं वाक्य ते तिचं आत जाणं. मग त्या क्षणी प्रसंगाचा काय अर्थ लावला: ‘माझं केलेलं हिला कधीच दिसणार नाही.’ मग काय केलं: गप्प बसले. शेवटी काय झालं: शनिवारच्या तपासणीलाही मीच जायचं ठरलं, आणि झोप गेली. मग काय हवं होतं? ती लिहिते, ‘आईनं माझं नाव घ्यावं.’ इथं थांबायचं. हे तिच्या हातात नाही, म्हणून ते अपेक्षित शेवट म्हणून चालत नाही. तिच्या वागण्यानं घडू शकेल असं काय हवं? ‘शनिवारी दादानं यावं.’ हे चालतं.

आता लावलेल्या अर्थाला दोन प्रश्न विचारायचे. तो या प्रसंगातून निघतो का? ‘कधीच’ हा शब्द या पाच मिनिटांतला नाही, तो चाळीस वर्षांतून आलाय. तो हवं ते मिळवून देतो का? नाही, तो गप्प बसवतो. त्याच्या जागी जमिनीवरचा अर्थ: ‘आई दादाच्या फोनवर खूश आहे, आणि शनिवारचं अजून ठरायचंय.’ त्यातून वाक्य निघतं: ‘आई, त्याला काळजी आहे ना, मग शनिवारी तोच येऊ दे. मी आत्ताच फोन लावते.’ दादा नाही म्हणू शकतो. मग रिक्षा ठरवणं, शेजारच्या काकूंना विचारणं हे पुढचे प्रसंग. आठवड्याला एक प्रसंग, लेखी, आणि शक्यतो ही किंवा वर्तन-विचार उपचारांची पद्धत शिकलेल्या मानसशास्त्रज्ञासोबत. बारा-सोळा सत्रं तर लागतातच, जुन्या उदासीला जास्तही. पहिल्या काही आठवड्यांत हवं ते क्वचितच मिळतं. बदल आधी कुठं दिसतो, तर प्रसंगानंतर मन किती वेळ तिथं अडकून पडतं यात.

आईवडिलांशी बोलायचंच असेल, तर एक प्रसंग आणि एक मागणी एवढंच न्यावं, तेही दोघंच असताना आणि सणाच्या दिवशी नको. माफ करण्याची सक्ती कुठल्याच उपचारात नाही. कुणाला ते आपोआप जमतं, कुणाला कधीच जमत नाही, आणि तरी उदासी उतरते.

आईवडील आता नसतील, तरीही हे काम अडत नाही. न मिळालेल्या कौतुकाची अपेक्षा माणूस पुढे साहेबांकडे, नवऱ्याकडे, सासूकडे नेतो. बैठकीत साहेबांनी दुसऱ्याचं नाव आधी घेतलं आणि दिवस गेला, असं झालं की तो प्रसंगही त्याच वहीत, त्याच क्रमानं लिहायचा, आणि पहिल्या कागदावर जपून ठेवलेल्या दोन-तीन प्रसंगांशेजारी ठेवून पाहायचा. कोणता अर्थ आजचा आणि कोणता तेव्हाचा, हे तिथं वेगळं करता येतं.