परळ घासणे वेगळे आणि परळ वाळवणे वेगळे

आखाजी जवळ आली की आमच्या जळगावात कुंभाराच्या दारी घागरींची रास लागते आणि त्या राशीच्या शेजारी अलीकडे पक्ष्यांसाठीच्या परळांचीही एक उतरंड दिसू लागली आहे. घागर घ्यायला गेलेला माणूस दोन परळ उचलून आणतो, गच्चीवर पाणी भरून ठेवतो, छायाचित्र काढतो आणि पुढचे दोन महिने त्या परळात फक्त वरून पाणी ओतत राहतो. मीही अनेक वर्षे हेच करीत होतो, त्यामुळे पुढे जी टीका आहे ती आधी माझ्यावर आहे.

मागच्या एका उन्हाळ्यात, पारा ४४ अंशांच्या पुढे गेलेला असताना, आमच्या गच्चीवर एक होला पिसे फुगवून बसलेला दिसला. तो उडत नव्हता. परळाशी येई, चोच बुडवी, पण पाणी गिळले न जाता चोचीच्या कडेने ओघळून जाई. जवळच्या पशुवैद्यांकडे नेल्यावर त्यांनी चोच उघडून दाखवली तेव्हा घशात पिवळट, पनीरच्या चुऱ्यासारखे गोळे साचलेले होते आणि तोंडाला उग्र वास येत होता. हा ट्रायकोमोनास नावाच्या एकपेशीय परजीवीचा रोग असून पारवे आणि होले यांच्यात तो नेहमीचा आहे, असे त्यांनी सांगितले. त्यानंतर त्यांनी एकच प्रश्न विचारला: "पाण्याचे भांडे तुम्ही शेवटचे केव्हा घासले होते?" मला उत्तर देता आले नाही. होला दुसऱ्या दिवशी गेला.

हा रोग पाण्यातून का पसरतो, हे पक्ष्यांच्या पाणी पिण्याच्या पद्धतीवरून कळते. चिमणी किंवा बुलबुल चोचीत थेंब घेऊन मान वर करतात आणि तो घशात सोडतात. पारवे आणि होले मात्र चोच पाण्यात बुडवून, गुरांसारखे, सलग ओढून पितात. आजारी पक्ष्याच्या तोंडातली लाळ त्यामुळे सरळ पाण्यात उतरते आणि पाठोपाठ आलेला दुसरा पक्षी तेच पाणी पितो. नदीनाल्याकाठी पाणी भरपूर असते तेव्हा पक्षी विखुरलेले असतात, परंतु मे महिन्यात परिसरातले सगळे पाणवठे आटले की तेच थवे एका परळाभोवती जमतात. म्हणजे आपण ठेवलेले भांडे जितके उपयोगी, तितकेच ते संसर्गाचे ठिकाण होण्याचा धोकाही मोठा.

त्या दिवशी मी परळ रिकामा करून तळाला बोट लावले. बोट घसरले. वरून पाणी काचेसारखे नितळ दिसत होते आणि आतून सर्वत्र बुळबुळीत थर चढलेला होता. शेजारच्या आजी भिंतीवरून डोकावल्या आणि अहिराणीत एवढेच म्हणाल्या, "हाई काय पानी शे का?" पाण्याच्या स्वच्छतेची मला माहीत असलेली सर्वांत खात्रीची परीक्षा हीच आहे: पाण्याकडे पाहू नका, भांड्याच्या आतल्या बाजूवर बोट फिरवा. तो बुळबुळीतपणा म्हणजे जिवाणूंनी आणि शेवाळाने स्वतःभोवती तयार केलेले अस्तर असते. नुसते पाणी हिंदकळून फेकल्याने ते निघत नाही, आणि ताजे पाणी त्यावर ओतले की तेही थोड्याच वेळात आधीच्या पाण्यासारखे होते.

पशुवैद्यांच्या सल्ल्याने सगळी भांडी दोन आठवडे उचलून ठेवली, जेणेकरून पक्षी पांगतील. ऐन उन्हाळ्यात पाणी बंद करणे जड गेले, पण आजारी पक्षी दिसल्यावर तेच योग्य असते. प्लास्टिकचे एक भांडे घासून, एक भाग द्रवरूप घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी अशा मिश्रणात दहा मिनिटे बुडवले, वास पूर्ण जाईपर्यंत खळबळून उन्हात सुकवले. आधी घासणे आवश्यक असते, कारण घाण शिल्लक असेल तर ब्लीच त्या घाणीवरच खर्च होऊन जाते. मातीचे जुने परळ मात्र मी फोडून टाकले. माती सच्छिद्र असते, ती ब्लीच शोषून घेते आणि मग ते सावकाश पाण्यात उतरत राहते. म्हणून मातीच्या भांड्याला मी आता ब्लीच लावतच नाही. काथ्याने घासून, उकळते पाणी ओतून, उन्हात ठेवतो.

येथे खान्देशच्या उन्हाचा एक उपकार मान्य केला पाहिजे. हा ट्रायकोमोनास ओलाव्यात तग धरतो, परंतु पूर्ण वाळला की मरतो. उंदरांच्या मूत्रातून पाण्यात येणाऱ्या लेप्टोस्पायराचेही तसेच आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये घासून उपडा ठेवलेला परळ दुपारपर्यंत खडखडीत होतो. त्यामुळे मी आता प्रत्येक जागेसाठी दोन परळ ठेवतो, एक पाण्यात आणि दुसरा उन्हात, आणि रोज सकाळी त्यांची अदलाबदल करतो. माझ्या मते औषधांच्या बाटलीपेक्षा हा दुसरा परळ अधिक उपयोगी आहे आणि त्याला खर्चही फारसा येत नाही.

परंतु ऊन सगळेच करील असे समजणे चुकीचे आहे, आणि येथेच बहुतेकांची गल्लत होते. डेंग्यू पसरवणारा एडिस डास आपली अंडी पाण्यात नव्हे, तर पाण्याच्या पातळीच्या थोडे वर, भांड्याच्या ओल्या कडेला चिकटवतो. ती काळपट आणि इतकी बारीक असतात की मळ वाटावीत. ही अंडी वाळून मरत नाहीत. कोरडी राहूनही महिनोन्महिने टिकतात आणि पाणी पुन्हा भरले की उबतात. अंड्यापासून उडणारा डास व्हायला उष्ण हवेत साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळा असे आरोग्य विभाग सांगतो ते याच हिशेबाने. मात्र भांडे नुसते ओतून वाळवले आणि कडा घासली नाही, तर अंडी तेथेच राहतात. म्हणून घासताना तळापेक्षा काठावर अधिक जोर द्यावा लागतो. परजीवी मारायला वाळवणे आणि डासांची अंडी काढायला घासणे, ही दोन कामे आहेत. एकाने दुसरे भागत नाही.

काही जण डास होऊ नयेत म्हणून पाण्यात रॉकेलचा किंवा तेलाचा थेंब टाकतात. पक्ष्याच्या पिसांना तेल लागले की पिसे चिकटतात, आणि तो चोचीने ती साफ करताना ते तेल पोटात जाते. दयेपोटी गूळ किंवा ग्लुकोज घालणारेही आहेत. ४४ अंशांत गोड पाणी काही तासांत आंबते. पाण्यात पाण्याशिवाय काहीही घालू नये.

जागेविषयी थोडेसे. माझा पहिला परळ सावलीत होता खरा, पण नेमका केबलच्या तारेखाली, आणि त्या तारेवर पारवे बसत. दिवसभर त्यांची विष्ठा पाण्यात पडे. सावली हवी, पण वर बसायला जागा नको, आणि धान्याची ताटली चार हात लांब हवी, नाहीतर दाणे पाण्यात पडून कुजतात. पाणी बोटाच्या दोन पेरांहून खोल नसावे. खोल भांडे असेल तर पाण्याबाहेर डोके काढील असा खडबडीत दगड आत ठेवावा. खारीचे पिल्लू गुळगुळीत काठ चढू शकत नाही, हे मी एकदा फार उशिरा शिकलो. पक्षी रात्री पाणी पीत नाहीत, उंदीर पितात, म्हणून गच्चीवरचे परळ दिवेलागणीला रिकामे करतो.

आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे बहुतेक परळ बोअरच्या पाण्याने भरले जातात आणि महिनाभरात त्यांच्या अंगावर पांढरे क्षार चढतात. हा प्रश्न नुसता दिसण्याचा नाही. मातीचे भांडे पाणी गार ठेवते ते छिद्रांतून पाझरून वाफ झाल्यामुळे, आणि क्षारांनी छिद्रे बुजली की ते प्लास्टिकच्या भांड्याइतकेच तापते. परळाचा बाहेरचा भाग ओलसर लागेनासा झाला की हे ओळखावे. चिंचेच्या कोळाने किंवा व्हिनेगरने रात्रभर भिजवून घासले तर बराच फरक पडतो. मात्र आंबट पदार्थ आणि ब्लीच कधीही एकत्र येऊ देऊ नये, त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

फाटकाबाहेर भटक्या कुत्र्यांसाठी ठेवतो ते भांडे वेगळे, आणि ते स्टीलचे आहे. पिल्लांना होणाऱ्या पार्व्होचा विषाणू ना वाळून मरतो, ना साबणाने. तो महिनोन्महिने टिकतो. म्हणून ते भांडे आठवड्यातून एकदा, आणि गल्लीत जुलाब-उलटीचे आजारी पिल्लू दिसले तर रोज, घासून मग एका लिटर पाण्यात ३० मिलिलिटर ब्लीच घातलेल्या मिश्रणात दहा मिनिटे ठेवतो. घरच्या कुत्र्याचे भांडे आत असते आणि त्याला बाहेरच्या भांड्यातले पाणी पिऊ देत नाही, लसीकरण झालेले असूनसुद्धा. स्टील उन्हात चटका बसेल इतके तापते, म्हणून ते भिंतीच्या उत्तरेला आहे आणि दुपारी दोनच्या सुमारास त्यातले पाणी बोट बुडवून पाहून बदलले जाते. गुरांच्या सिमेंटच्या हौदाची गोष्ट निराळी. तो रोज ओतणे परवडत नाही. आमच्या गल्लीत तो आठवड्याने उपसून, खराट्याने घासून, महिन्यातून एकदा चुना लावून वाळवतात.

उन्हाळ्याच्या तोंडावर संस्था परळ वाटतात, त्याला माझा विरोध नाही, पण परळासोबत घासायला एक काथ्याचा चोथा द्यावा असे मला वाटते. ज्या घरात रोज सकाळी पाच मिनिटे घासायला कोणी नाही, उदाहरणार्थ सुटीत सगळे गावी जाणार आहेत, त्या घराने पाणी ठेवू नये. बुळबुळीत परळापेक्षा नसलेला परळ बरा, हे ऐकायला निर्दय वाटले तरी त्या होल्याचा घसा पाहिल्यापासून माझे मत बदललेले नाही.

आता मृगाचा पाऊस आला की परळ माळ्यावर जातील. ते नुसते वाळवून एकात एक रचण्याआधी काठ पुन्हा एकदा उकळत्या पाण्याने घासतो, कारण चिकटलेली अंडी पुढच्या पाण्याची वाट पाहत तेथेच बसलेली असतात.