बरगड्या लागल्या म्हणजे कुत्रा उपाशी, असं नसतं

*“बरगड्या हाताला लागल्या म्हणजे कुत्र्याला खाणं कमी पडतंय, वाढवा. वजन जातीच्या तक्त्यात बसत असेल तर काळजी नको. कंबर फक्त ग्रेहाउंडसारख्या पळणाऱ्या कुत्र्यांना असते, लॅब्रेडोर-बीगल मुळातच भरलेले असतात. आणि थोडा गुबगुबीत असलेला बरा, आजारपणात तग धरतो.”*

कुत्र्याच्या वजनाबद्दलच्या या सल्ल्यात पहिल्या वाक्यापासूनच गाडी उलटी चालली आहे. बरगड्या हाताला लागायलाच हव्यात. लागत नसतील तर काळजी करायची. मी जनावरांच्या दवाखान्यात काम करते. तिथे वजनकाट्यानंतर पहिलं काम कुत्र्याच्या अंगावरून हात फिरवण्याचं असतं. त्यातून जो आकडा निघतो त्याला बॉडी कंडिशन स्कोअर म्हणतात. तो १ ते ९ मध्ये मोजतात. १ म्हणजे हाडांचा सापळा, ९ म्हणजे अतिलठ्ठ, आणि ४ ते ५ म्हणजे जसं असावं तसं. काही ठिकाणी १ ते ५ ची पट्टी वापरतात, तिथे ३ हा मधला आकडा. म्हणून कुणी “याचा स्कोअर ४” म्हटलं तर आधी कितीपैकी ते विचारा. नऊपैकी ४ म्हणजे छान, पाचपैकी ४ म्हणजे जाड.

सगळी गल्लत “लागल्या” या शब्दात आहे. किती दाबल्यावर लागल्या? जोर लावून दाबलं तर बऱ्याच जाड कुत्र्याच्याही बरगड्या सापडतात. कुत्रा उभा असताना त्याच्या मागे उभं राहा, दोन्ही अंगठे पाठीच्या कण्यावर टेकवा आणि बाकीची बोटं सपाट ठेवून छातीच्या दोन्ही बाजूंवरून पुढे-मागे सरकवा. बोटांची टोकं रुतवायची नाहीत. आता तुलनेसाठी स्वतःचाच हात घ्या. मूठ वळून तिच्या उंचवट्यांवरून दुसऱ्या हाताची बोटं फिरवा: बरगड्या इतक्या टोकदार लागल्या तर कुत्रा बारीक. मग हात सपाट धरून पंजाच्या पाठीवरून, बोटांच्या मुळाशी बोटं फिरवा: हाडं मोजता येतात पण वर पातळ अस्तर आहे, हे ४-५. हात उलटा करून तळव्याच्या बाजूने तीच हाडं शोधा: आहेत हे कळतं, पण दाबल्याशिवाय नाही. कुत्र्याच्या छातीवर असं लागलं तर तो जाड आहे.

“लागणं” आणि “दिसणं” या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही त्या वाक्यात हरवलं. आखूड केसांच्या कुत्र्याच्या शेवटच्या एक-दोन बरगड्या वळताना दिसल्या तर त्यात वावगं काही नाही. पण सगळ्या बरगड्या, कंबरेचे मणके आणि खुब्याची हाडं लांबून दिसत असतील तर तो १ किंवा २, आणि तिथे नुसतं खाणं वाढवून भागत नाही. जंत, दातांचं दुखणं, पोटाचे विकार आधी तपासायचे. दाट केसांच्या कुत्र्याच्या बाबतीत डोळ्यांवर अजिबात विसंबू नका. तशातला एक “गोलमटोल” कुत्रा आंघोळीनंतर हाताला ३ लागलेला मला चांगला आठवतो.

आता तक्ता. पाच वर्षांचा, नसबंदी झालेला एक नर लॅब्रेडोर आमच्याकडे लसीसाठी आला. काट्यावर ३६ किलो. जातीच्या प्रमाणित तक्त्यात नराचं वजन साधारण २९ ते ३६ असतं, म्हणजे मालकाच्या मते पास. हात फिरवला तर बरगड्या दाबल्यावरच लागत होत्या, शेपटीच्या मुळाशी मऊ गादी होती, आणि वरून पाहिलं तर छातीपासून मागच्या पायांपर्यंत दोन्ही कडा जवळजवळ सरळ. हा ७. पाचच्या वरचा प्रत्येक आकडा म्हणजे योग्य वजनापेक्षा अंदाजे १० टक्के जास्त असं धरतात. सात म्हणजे २० टक्के, म्हणून ३६ ला १.२ ने भागलं: या कुत्र्याचं वजन ३० किलोच्या आसपास हवं. (थेट २० टक्के वजा करू नका, मग २८.८ येतं. ही चूक आम्हीही कधीतरी केली आहे.) तक्ता जातीसाठी असतो, समोरच्या कुत्र्याचा हाडापेर किती, हे त्याला माहीत नसतं.

सहा किलो उतरवायला घाई केली नाही. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास, म्हणजे सुरुवातीला ३५० ग्रॅम. मालकांनी खाणं मापाच्या वाटीऐवजी काट्यावर मोजायला सुरुवात केली, आणि खाऊ त्याच दिवसाच्या हिशोबातून दिला. दर दोन आठवड्यांनी वजन आणि हाताची तपासणी, दोन्ही.

कंबरेचं म्हणाल, तर ती लॅब्रेडोरलाही असते आणि बीगललाही. कुत्रा उभा असताना वरून पाहा: बरगड्या संपल्या की कडा आत वळायला हव्यात. मग खाली बसून बाजूने पाहा: छातीपासून मागे पोटाची रेघ वर चढायला हवी. स्कोअर ६ ला कंबर ओळखू येते पण ठसठशीत नसते, ८ ला ती शिल्लकच राहत नाही. ग्रेहाउंडची कंबर जास्त खोल आणि बरगड्या जास्त उघड, इतकाच जातीचा फरक. दुसऱ्या बाजूनेही फसायला होतं: बरगड्या टोकदार आणि पोट मात्र फुगलेलं, असा कुत्रा जाड नसतो. पिल्लांमध्ये जंत, मोठ्यांमध्ये पोटात साठलेलं पाणी किंवा हार्मोनचा विकार असू शकतो. तिथे स्कोअर देत बसू नका, डॉक्टरांकडे न्या.

राहिला आजारपणातला तग. ४८ लॅब्रेडोरचा एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच विणीतल्या पिल्लांच्या जोड्या लावून त्यातल्या एकाला जोडीदारापेक्षा २५ टक्के कमी खाणं आयुष्यभर दिलं होतं. कमी खाणारे सरासरी ४.६ वर राहिले, दुसरे ६.७ वर. त्यांचं मध्यक आयुष्य अनुक्रमे १३ आणि ११.२ वर्षं भरलं, आणि सांधेदुखीचे उपचार बारीक गटाला बरेच उशिरा लागले. ६.७ म्हणजे बहुतेक घरांत “थोडा गुबगुबीत”च. त्या वाक्यात एवढंच खरं की आजारी पडलेल्या कुत्र्याचं वजन आपल्या मनाने उतरवू नये.

पण तग चरबीपेक्षा स्नायूंवर जास्त अवलंबून असतो, आणि स्नायू या स्कोअरमध्ये नीट उमटत नाहीत. म्हाताऱ्या कुत्र्याचा कणा आणि खांद्याचं हाड टोकदार लागतं, मालक खाणं वाढवतो, आणि बरगड्यांवर चरबी मात्र भरपूर असते. म्हणून आम्ही कण्यावर, खांद्यांवर, डोक्याच्या कवटीवर आणि खुब्यावर हात फिरवून स्नायूंची नोंद वेगळी करतो.

तो लॅब्रेडोर पाचव्या महिन्यात ३०.५ वर आला. मालकांनी दारातूनच सांगितलं, “शेजारी विचारतात, याला खायला घालता ना?” मी हात फिरवला. ५ होता.